तारा-जोडणीच्या रोहित्राचे मर्यादित भूदोष संरक्षण : तत्त्व, गणित आणि उपयोजन

प्रस्तावना

रोहित्राच्या अंतर्गत दोषांमध्ये वाइंडिंगचे निरोधन फाटून वाहक लोखंडी गाभ्याला किंवा टाकीला टेकणे हा दोष महत्त्वाचा मानला जातो. यालाच भूदोष म्हणतात. मोठ्या रोहित्रांवर विभेदक संरक्षण बसविलेले असते. रोहित्रात शिरणारा आणि त्यातून बाहेर पडणारा प्रवाह यांची तुलना करून ते दोष ओळखते. असे असताना तारा-जोडणीच्या वाइंडिंगसाठी 'रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्ट' अर्थात मर्यादित भूदोष संरक्षण वेगळे का द्यावे लागते, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. प्रस्तुत लेखात एका रोहित्राचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचे उत्तर मांडले आहे.

विभेदक संरक्षणाची उणीव

१० एमव्हीए क्षमतेचे, ३३/११ केव्ही दाबाचे, डेल्टा-तारा जोडणीचे एक रोहित्र विचारात घेऊ. त्याचा पूर्णभार प्रवाह ३३ केव्ही बाजूस १७५ अँपिअर आणि ११ केव्ही बाजूस ५२५ अँपिअर येतो. तारा बाजूचा न्यूट्रल १२.१ ओहम रोधातून जमिनीला जोडला आहे असे मानू. फेज दाब सुमारे ६३५१ व्होल्ट असल्याने फेजच्या टोकाशी झालेल्या भूदोषात या रोधातून जास्तीत जास्त ५२५ अँपिअर प्रवाह वाहतो.

आता दोष टोकाशी न होता न्यूट्रलपासून २० टक्के अंतरावर, वाइंडिंगच्या आत झाला असे समजू. दोषाला मिळणारा दाब फेज दाबाच्या केवळ एक-पंचमांश असल्यामुळे न्यूट्रलमधून १०५ अँपिअर वाहतील. हा प्रवाह तारा बाजूच्या एक-पंचमांश वेढ्यांमधूनच जातो. त्यामुळे ३३ केव्ही बाजूस उमटणारा त्याचा पडसाद आणखी पाचपटीने क्षीण होतो. दोन्ही वाइंडिंगच्या वेढ्यांचे गुणोत्तर ५.२ धरल्यास ३३ केव्ही बाजूचा दोषप्रवाह सुमारे ४ अँपिअर भरतो. म्हणजेच न्यूट्रलमधील प्रवाह दोषाच्या अंतराच्या प्रमाणात बदलतो, तर दुसऱ्या बाजूचा प्रवाह त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो.

विभेदक रिलेची मांडणी पूर्णभाराच्या २० टक्क्यांवर, म्हणजे ३५ अँपिअरवर केलेली असेल, तर तिला हे ४ अँपिअर जाणवत नाहीत. वर्गाच्या नियमाने हिशेब केल्यास न्यूट्रलपासून ५९ टक्के वाइंडिंगपर्यंतचा भूदोष तिच्या नजरेतून सुटतो असे दिसते. गाभ्याचे पत्रे मात्र त्याच १०५ अँपिअरने जळत राहतात.

मर्यादित भूदोष संरक्षणाचे तत्त्व

जेथे प्रवाह मोठा आहे तेथेच, म्हणजे न्यूट्रलमध्ये, तो मोजणे हा यावरील उपाय आहे. तारा बाजूच्या तिन्ही फेजमध्ये तीन आणि न्यूट्रलच्या जमिनीकडील जोडणीत एक, असे चार करंट ट्रान्सफॉर्मर समान गुणोत्तराचे घेतात. त्यांची दुय्यम मंडले समांतर जोडून त्यांच्यावर रिले बसवितात.

दोष रोहित्राबाहेर ११ केव्ही वाहिनीवर असेल, तर न्यूट्रलमधून वर येणारा प्रवाह दोषी फेजमधून बाहेर पडतो. दोन्ही ट्रान्सफॉर्मरचे दुय्यम प्रवाह परस्परांत फिरतात आणि रिलेकडे काहीही जात नाही. दोष वाइंडिंगच्या आत असेल, तर न्यूट्रलच्या प्रवाहाला फेजमध्ये जोडीदार सापडत नाही आणि तो रिलेमधून वाहतो. संरक्षणाचे क्षेत्र या चार करंट ट्रान्सफॉर्मरांच्या दरम्यान मर्यादित असते, म्हणून त्याला हे नाव पडले. बाहेरच्या दोषांशी त्याला कर्तव्य नसल्याने इतर रिलेंशी कालसमन्वय राखावा लागत नाही आणि ते विनाविलंब कार्य करू शकते.

स्थैर्य आणि मांडणी

वरील संतुलन चारही करंट ट्रान्सफॉर्मर अचूक असतील तरच टिकते. बाहेरच्या मोठ्या दोषात एखाद्याचा गाभा संपृक्त झाला, तर त्याच्याकडून प्रवाह मिळेनासा होतो आणि रिले विनाकारण कार्य करू शकते. हे टाळण्यासाठी उच्च-संरोध पद्धतीत रिलेच्या एकसर स्थिरीकरण रोध घालतात.

आपल्या रोहित्राचा संरोध १० टक्के असेल, तर बाहेरच्या त्रिफेज दोषात जास्तीत जास्त ५२५० अँपिअर वाहतील. ६००/१ गुणोत्तराने दुय्यम प्रवाह ८.७५ अँपिअर होतो. एक करंट ट्रान्सफॉर्मर पूर्ण संपृक्त झाला, तर हा प्रवाह त्याच्या ३ ओहम वाइंडिंगमधून आणि १ ओहम तारांमधून जातो, आणि रिलेच्या मंडलावर ३५ व्होल्ट दाब येतो. रिलेची मांडणी ०.१ अँपिअर असल्यास मंडलाचा एकूण रोध ३५० ओहम ठेवावा, म्हणजे या दाबापर्यंत रिले स्थिर राहते. करंट ट्रान्सफॉर्मरचा गुडघा-दाब याच्या किमान दुप्पट, म्हणजे ७० व्होल्ट तरी असावा लागतो. भारतात यासाठी पीएस वर्गाचे करंट ट्रान्सफॉर्मर वापरण्याचा प्रघात आहे. आतील दोषात मंडलावर घातक दाब चढू नये म्हणून 'मेट्रोसिल' नावाचा अरेषीय रोध समांतर जोडतात.

प्रत्यक्ष संवेदनशीलता ठरविताना चारही गाभ्यांना लागणारा चुंबकन प्रवाह विसरून चालत नाही. ३५ व्होल्टवर प्रत्येकी ०.००५ अँपिअर धरल्यास एकूण ०.१२ अँपिअर, म्हणजे प्राथमिक बाजूस ७२ अँपिअर लागतात. हे ५२५ अँपिअरच्या सुमारे १४ टक्के होतात. म्हणून ८६ टक्के वाइंडिंग संरक्षित राहते. आधीच्या उदाहरणातील १०५ अँपिअरचा दोष या संरक्षणाला स्पष्ट दिसतो.

जोडणीतील चूक आणि तिची पारख

या पद्धतीतील फसवी चूक म्हणजे न्यूट्रलच्या करंट ट्रान्सफॉर्मरची ध्रुवता उलट जोडली जाणे. समतोल भारात न्यूट्रलमध्ये प्रवाह जवळजवळ नसतो. त्यामुळे रोहित्र महिनोन्‌महिने सुरळीत चालते. वाहिनीवर पहिला भूदोष होताच मात्र दोन दुय्यम प्रवाह वजा होण्याऐवजी मिळवले जातात आणि निर्दोष रोहित्र बंद पडते.

ही चूक कार्यान्वयनापूर्वीच्या चाचणीत पकडता येते. ३३ केव्ही बाजूस ४१५ व्होल्टचा त्रिफेज पुरवठा देतात, न्यूट्रलचा रोध व स्थिरीकरण रोध तात्पुरते वळसा देऊन बाजूला ठेवतात आणि करंट ट्रान्सफॉर्मरांच्या पलीकडे एक फेज जमिनीला जोडतात. उदाहरणातील रोहित्रात सुमारे ६६ अँपिअर, म्हणजे दुय्यम बाजूस ०.११ अँपिअर प्रवाह मिळतो. जोडणी बरोबर असेल तर रिलेच्या जागी लावलेला मिलिअँपमापी जवळजवळ शून्य दाखवितो. ध्रुवता उलट असेल तर ०.२२ अँपिअर दाखवितो.

उपयोजन आणि मर्यादा

न्यूट्रल रोधातून जमिनीला जोडलेल्या रोहित्रात हे संरक्षण विशेष आवश्यक ठरते. न्यूट्रल थेट जमिनीला जोडलेला असेल, तर न्यूट्रलजवळच्या दोषातही न्यूट्रलमधील प्रवाह मोठाच राहतो, कारण दोषाने वेढलेल्या थोड्या वेढ्यांचा संरोधही कमी असतो. तेथे या संरक्षणाने जवळजवळ संपूर्ण वाइंडिंग संरक्षित होते. चार-तारी लघुदाब व्यवस्थेत भाराचा न्यूट्रल प्रवाह क्षेत्राबाहेर जात असल्यास न्यूट्रल वाहिनीत पाचवा करंट ट्रान्सफॉर्मर द्यावा लागतो, अन्यथा असमतोल भारालाच दोष समजले जाईल. अंकीय रिलेंमध्ये निम्न-संरोध पद्धत वापरल्यास स्थिरीकरण रोध लागत नाही आणि भिन्न गुणोत्तरांचे करंट ट्रान्सफॉर्मरही चालतात.

वेढ्यांमधील आपसातील दोष आणि फेज-फेज दोष या संरक्षणाला दिसत नाहीत. रोधातून जमिनीला जोडलेल्या रोहित्रात न्यूट्रलजवळचा काही भागही उरतोच. त्यामुळे ते विभेदक संरक्षणाची आणि बुखोल्झ रिलेची जागा घेत नाही. विभेदक संरक्षण ज्या अर्ध्याहून अधिक वाइंडिंगबाबत आंधळे राहते, त्यातील बहुतांश भागावर हे संरक्षण लक्ष ठेवते आणि तेवढ्यासाठीच ते बसवावयाचे असते.