सरासरीआड दडलेला पंडुरोग

हिमोग्रामचा कागद हातात आला की नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. त्याच्या खाली चार-सहा ओळींवर 'आरडीडब्ल्यू' नावाचा एक आकडा असतो. तो सहसा कुणी वाचत नाही. तांबड्या पेशी आकाराने एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, हे तो सांगतो.

तपासणी यंत्रात या पेशी एका बारीक छिद्रातून एकेक करून जातात. पेशी जेवढी मोठी, तेवढा विजेचा ठोका मोठा. अशा हजारो ठोक्यांवरून यंत्र दोन गोष्टी काढते. पहिली म्हणजे पेशींचा सरासरी आकार, म्हणजेच एमसीव्ही. तो साधारण 80 ते 100 फेमटोलिटर असतो. दुसरी म्हणजे या सरासरीच्या दोन्ही बाजूंना पेशी किती विखुरल्या आहेत. हा विखुरलेपणा सरासरीच्या टक्केवारीत मांडला की आरडीडब्ल्यू मिळतो. सरासरी 90 आणि प्रमाण विचलन 11.7 असेल, तर आरडीडब्ल्यू 13 टक्के येतो. बहुतेक प्रयोगशाळा साधारण 11.5 ते 14.5 टक्के ही मर्यादा मानतात.

आता एक उदाहरण घेऊ. पस्तिशीची, पूर्ण शाकाहारी बाई आहे. पाळीत रक्तस्राव बराच होतो. जिना चढताना धाप लागते, पायांना मुंग्या येतात. हिमोग्लोबिन 9.8 आहे आणि एमसीव्ही 88. लोह कमी पडले की पेशी लहान होतात आणि बी-12 कमी पडले की मोठ्या होतात, हे ठाऊक असणारा माणूस 88 पाहून म्हणेल, 'दोन्ही नाही.' पण आरडीडब्ल्यू आहे 19.

इथे खरे तर दोन्हींची कमतरता आहे. लोहाअभावी काही पेशी लहान आणि फिकट झाल्या आहेत, तर बी-12 नसल्याने काही मोठ्या आणि लांबट. बुटक्या आणि उंच मुलांची एकत्र सरासरी काढली, तर ती मध्यम उंचीचीच येणार, तसे हे झाले. काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की ही सरमिसळ डोळ्यांना दिसते. पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला नेहमीपेक्षा जास्त पाकळ्या दिसल्या, तर बी-12 किंवा फोलेटबद्दलचा संशय बळावतो. मग फेरिटिन आणि बी-12 तपासून खात्री करता येते.

हा आकडा दुर्लक्षिला गेला तर काय होते? बाईंना नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. हिमोग्लोबिन थोडे चढते आणि मध्येच अडते. लहान पेशी कमी होत जातात, मोठ्या उरतात आणि एमसीव्ही वर सरकतो. पायांच्या मुंग्या मात्र तशाच राहतात, कारण बी-12ची कमतरता मज्जातंतूंनाही इजा करते. ती लांबली तर इजा कायमची राहू शकते.

योग्य उपचार सुरू झाल्यावर पुन्हा हिमोग्राम केला, तर आरडीडब्ल्यू आणखी वाढलेला दिसू शकतो. त्याने घाबरू नये. अस्थिमज्जेतून नव्या, कोवळ्या पेशी बाहेर पडत असतात. त्या आकाराने मोठ्या असतात आणि जुन्या लहान-मोठ्या पेशीही अजून रक्तात फिरत असतात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. जुन्या पेशी संपून आकडा खाली बसायला म्हणूनच तीन-चार महिने जातात. नुकतेच रक्त चढवले असेल, तरीही दुसऱ्याच्या पेशी मिसळल्याने हा आकडा वाढतो.

उलट बाजूही पाहायला हवी. थॅलेसेमियाच्या वाहकांमध्ये सगळ्याच पेशी जवळपास सारख्या लहान असतात. त्यामुळे एमसीव्ही 65 असूनही आरडीडब्ल्यू बऱ्याचदा फारसा वाढत नाही, आणि पेशींची संख्या मात्र भरपूर असते. लोहाच्या कमतरतेत तो सहसा वाढतो. तरीही एवढ्यावरून निदान करता येत नाही. वर पाहिलेले 11.7चे विचलन 65च्या सरासरीशी ताडले, तर टक्केवारी 18 येते. विखुरलेपणा तोच असतो, फक्त भाजक लहान झालेला असतो. काही अहवालांत म्हणूनच 'आरडीडब्ल्यू-एसडी' हा फेमटोलिटरमधला वेगळा आकडाही देतात. वाहक आहे का, हे ठरवायला हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणीच लागते.

यकृताचे विकार, दीर्घकालीन दाह, मूत्रपिंडाचे आजार यांतही आरडीडब्ल्यू वाढू शकतो. तेव्हा एकट्या या आकड्यावरून आजाराचे नाव ठरवू नये. पण हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही मात्र मधोमध आणि आरडीडब्ल्यू वाढलेला, असे तिन्ही एकत्र दिसले, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: 'लोह आणि बी-12 दोन्ही तपासायचे का?'