आरती सगळ्यांची, गाणं कुणाचं?

दोन छोट्या भक्तिचॅनेलनी मिळून सणाची मालिका करायचं ठरवलं, की पहिली बैठक गाण्यांवरच होते. कोण कोणती आरती म्हणणार, पेटीला कोण बसणार, कॅमेरा कुणाचा. हे सगळं तासाभरात ठरतं, कारण दोन्हीकडची माणसं वर्षानुवर्षं तेच करत आलेली असतात. पुढे बिनसतं ते भलत्याच दोन गोष्टींवरून: कुणाचं नाव कुठे आलं आणि कुठला व्हिडिओ कुणी कधी टाकला. या दोन गोष्टी आधी कागदावर मांडल्या तर मालिका तडीस जाते, असं माझं मत आहे, आणि ते कसं मांडायचं हे एका जोडीच्या उदाहरणाने पाहू. जोडी कल्पित आहे. अडचणी खऱ्या आहेत, आणि तारखा २०२५च्या पंचांगातल्या.

एक चॅनेल फोंडा तालुक्यातल्या घुमट-आरती मंडळाचं. घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं, लहान तोंड डाव्या हाताने उघडझाप करत त्यातून घुमारा काढायचा. पूर्वी हे चामडं घोरपडीचं असे. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं आणि बकऱ्याचं आलं. गोव्याने २०१९मध्ये या वाद्याला राज्याच्या वारशाचा दर्जा दिला. सोबत काठ्यांनी वाजवायचं शामेळ आणि कांसाळं. आरत्या मात्र बहुतेक मराठीच. दुसरं चॅनेल कराडकडच्या भजनी मंडळाचं: पेटी, पखवाज, टाळ आणि गौरी-गणपतीची गाणी. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही, म्हणून ही जोडी जमण्यासारखी आहे.

आधी तारखा. दोन्हीकडे चतुर्थी एकच, बुधवार २७ ऑगस्ट; पण त्यानंतर दोन गावांचे गणपती वेगवेगळ्या दिवशी उठतात. गोव्यात दीड दिवसाचे गणपती पुष्कळ, म्हणजे २८ तारखेला निरोपाची आरती हवी. कराडकडे अनेक घरांत गणपती गौरींबरोबर जातो, आणि गौरी तिथीवर चालत नाहीत, नक्षत्रावर चालतात: अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. २०२५मध्ये ते ३१ ऑगस्ट, १ सप्टेंबर आणि २ सप्टेंबरला आलं. दुसऱ्या वर्षी चतुर्थी आणि गौरी यांच्यातलं अंतर बदलू शकतं. त्यामुळे ‘चतुर्थीपासून पाचव्या दिवशी गौरीचा भाग’ असं गेल्या वर्षीचं वेळापत्रक यंदा उचलून ठेवणं धोक्याचं. दोन्ही मंडळांनी एकच पंचांग समोर ठेवून प्रत्येक भागापुढे तारीख लिहावी.

लोकांना आरती लागते ती पूजेच्या आधी. शब्द पाहायचे असतात, मुलांना चाल शिकवायची असते, पूजेला बसल्यावर फोन भिंतीला टेकवून लावायचा असतो. म्हणून व्हिडिओ सणाच्या दिवशी सकाळी टाकणं उशिराचं ठरतं. मी असा क्रम धरीन: मुख्य आरती हरतालिकेच्या संध्याकाळी, २६ ऑगस्टला, कारण त्याच रात्री घराघरांत मखर लागत असतं. त्याच दिवशी गोव्याचा माटोळीचा भाग. देवावरच्या लाकडी चौकटीला रानातली फळं, सुपाऱ्या, वेली बांधायचं काम तेव्हा रंगात आलेलं असतं. निरोपाची आरती २७च्या रात्री, फोंड्यासाठी. गौरींची गाणी ३० तारखेला संध्याकाळी, आवाहनाच्या आदल्या दिवशी. मग १ सप्टेंबरच्या रात्री निरोपाचीच दुसरी आवृत्ती, कराडच्या चालीत. एकाच आरतीचे दोन व्हिडिओ झाले म्हणून बिघडत नाही. दोन्हीकडच्या घरांना त्या त्या दिवशी ती लागणारच आहे.

दोघांनी एकाच दिवशी टाकायचं, याचा अर्थ मात्र एकच फाइल दोन्ही चॅनेलवर चढवणं असा कुणी घेऊ नये. इथे छोटी चॅनेल हटकून अडखळतात. दुसरीकडे आधीच असलेला व्हिडिओ फारसा न बदलता पुन्हा टाकलेला दिसला, तर यूट्यूब त्याला पुनर्वापराचा मजकूर मानू शकतं, आणि असा मजकूर जास्त असलेल्या चॅनेलला कमाईची परवानगी नाकारली जाते किंवा असलेली काढून घेतली जाते. नेहमीच्या जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४००० तास पाहिलं गेलेलं असणं हा एक मार्ग आहे. त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मंडळाला असा शिक्का परवडत नाही. मार्ग साधा आहे. ज्याचं गाणं, त्याच्या चॅनेलवर ते पूर्ण. दुसऱ्याने त्याच दिवशी आपला स्वतंत्र भाग टाकायचा, त्यात त्या गाण्यातला मिनिटभराचा तुकडा आपल्या निवेदनात गुंफायचा आणि पुढे मूळ व्हिडिओकडे पाठवायचं. प्लेलिस्टमध्ये दुसऱ्या चॅनेलचे व्हिडिओही घालता येतात, त्यामुळे संपूर्ण मालिका दोघांच्याही पानावर एकाच क्रमाने लावता येते.

आता नावाचा प्रश्न. समर्थ रामदासांच्या आरतीचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. भारतीय कायद्यात साहित्य आणि संगीतकृतीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. संतांच्या रचना त्यापलीकडे केव्हाच गेल्या. यावरून अनेकांचा समज होतो की आरतीच्या ध्वनिफितीवरही कुणाचा हक्क नाही. तसं नाही. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून ६० वर्षांचं वेगळं संरक्षण आहे, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला सादरीकरणाचा स्वतःचा हक्क आहे, तो ५० वर्षांचा. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३८-ब आलं. त्यानुसार आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, असा दावा कलाकार करू शकतो. वापराच्या स्वरूपामुळेच नाव देणं शक्य नसेल तेवढा अपवाद. म्हणजे घुमट वाजवणाऱ्याचं नाव देणं हा मोठेपणा नव्हे, त्याचं ते देणं आहे. भजनी परंपरेला हे नवं वाटायचं कारण नाही. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा ठेवली आणि कितीही गळ्यांतून गेला तरी अभंग कर्त्याच्या नावासकट गेला.

तेच तत्त्व इथे लावायचं: नाव तुकड्याला चिकटलेलं हवं. वर्णनाच्या तळाशी ‘सहकार्य’ म्हणून सहा नावं एकत्र टाकली, तर ती कुणी वाचत नाही, आणि कुणी काय केलं हेही त्यातून कळत नाही. फोंड्याचा तुकडा कराडच्या व्हिडिओत सुरू झाला की पहिले आठ-दहा सेकंद खाली पट्टी यावी: मंडळ, गाव, मुख्य गायक, घुमट, शामेळ. ती संकलनातच चित्रावर बसवलेली असावी, म्हणजे कुणी तेवढाच भाग कापून व्हॉट्सअॅपवर फिरवला तरी नाव सोबत जाईल. निवेदकाने एकदा तोंडाने नाव घ्यावं, कारण स्वयंपाक करता करता ऐकणारे पुष्कळ असतात. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत, घडी उघडण्याआधी जेवढं दिसतं तेवढ्यात, चॅनेलचा दुवा असावा. नमुना असा:

```
१:१० ते २:१५ घुमट आरती: (मंडळ, गाव)
संपूर्ण आरती येथे: @(चॅनेलचं हँडल)
```

शेवटच्या पाच ते वीस सेकंदांत पडद्यावर पुढच्या व्हिडिओची चौकट लावता येते. तिथे आपला नव्हे, जोडीदाराचा त्या दिवसाचा व्हिडिओ लावायचा, हे आधीच ठरवून ठेवावं. ते शेवटचे सेकंद कॅमेऱ्यासमोर रिकामे सोडायला लागतात. नाहीतर चौकट नेमकी समईवर किंवा गायकाच्या चेहऱ्यावर बसते.

सगळ्यात नकोशी गाठ पडते ती दाव्याची. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा नोंदवलेल्या ध्वनीशी जुळणारा आवाज सापडला की आपोआप दावा लावते. जुन्या चालीवर, स्वतःच्या आवाजात म्हटलेल्या आरतीवरही कधी एखाद्या मोठ्या कंपनीचा दावा येऊन बसतो. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. न कळणारा प्रकार वेगळाच आहे. समजा, फोंड्याच्या मंडळाने आपली आरती वितरकामार्फत गाण्यांच्या अॅपवर दिली आणि अर्ज भरताना कंटेंट आयडीच्या चौकोनात खूण केली. आता कराडच्या व्हिडिओत, रीतसर परवानगीने आणि नावासकट, तोच तुकडा आला. यंत्राला परवानगी दिसत नाही, जुळणारा आवाज तेवढा दिसतो. दावा लागतो आणि कराडच्या व्हिडिओचं उत्पन्न वितरकाकडे वळतं. कराडकरांना वाटतं की फोंड्याने दगा दिला, आणि फोंड्याला तर काही झाल्याचा पत्ताच नसतो.

दाव्याला हरकत घेता येते, पण उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवस मिळतात. चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, सगळा उत्सव त्यात संपून जातो. पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न बाजूला राखलं जातं. उशीर केला तर हरकत घेतल्या दिवसापासूनचं. म्हणून दोन गोष्टी आधी कराव्यात. प्रत्येकाने आपलं कुठलं ध्वनिमुद्रण वितरकाकडे आहे ते जोडीदाराला सांगावं, आणि वितरकाला कळवून जोडीदाराचं चॅनेल सूट दिलेल्या यादीत घालून घ्यावं. आणि प्रत्येक व्हिडिओ निदान आठवडाभर आधी खासगी ठेवून चढवावा. तपासणी तेव्हाच होते, दावा असेल तर स्टुडिओत त्या व्हिडिओपुढे दिसतो, आणि तुकडा बदलायला हातात वेळ उरतो. याचा अर्थ चित्रीकरण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे भर पावसात संपवायला हवं. दमट हवेत घुमटाचं चामडं सैल पडतं, त्याला ऊब देऊन ताण आणावा लागतो. कराडहून आलेल्या संकलकाने यासाठी अर्धा दिवस जास्तीचा धरावा. शिवाय घुमाऱ्याचा खर्ज मागच्या तोंडातून निघतो. फोन समोरच ठेवला तर थाप ऐकू येते, घुमारा हरवतो.

उरला कागद. मैत्रीत करार कशाला, असं म्हणणाऱ्यांनी कायद्याचं कलम १९ वाचावं. हक्क किंवा वापराची परवानगी लेखी आणि सहीनिशी हवी. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गणपतीची आरती दुबईत आणि न्यू जर्सीतही लावली जाते, तेव्हा ‘जगभर’ हा शब्द कागदावर असलाच पाहिजे. तिथेच लिहावं की तुकडा याच मालिकेपुरता दिलाय, जाहिरातीत किंवा दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. उत्पन्न ज्याच्या चॅनेलवर येईल त्याचं, आणि प्रवासाचा व संकलनाचा खर्च निम्मा-निम्मा. पट्टीत नाव चुकलं तर काय करायचं तेही लिहावं, कारण चढवलेल्या व्हिडिओच्या जागी दुरुस्त फाइल बसवता येत नाही: वर्णन त्याच दिवशी दुरुस्त, सर्वांत वर अडकवलेल्या प्रतिक्रियेत योग्य नाव, आणि पुढच्या वर्षी नवी प्रत.

आणि जोडी फुटली तर? एकाने रागाने आपले व्हिडिओ काढले, की दुसऱ्याच्या शेवटच्या चौकटी, वर्णनातले दुवे, प्लेलिस्ट सगळं पोकळ होतं. म्हणून मालिकेतला कोणताही व्हिडिओ काढण्याआधी ६० दिवसांची लेखी सूचना, आणि चतुर्थीच्या आधीच्या महिन्यात काहीही न काढणं, एवढी अट दोघांनी मान्य करावी. दिलेला तुकडा परत मागितला तर कराडने तो आपल्या व्हिडिओतून कापावा. यूट्यूबच्या संपादकात मधला भाग छाटता येतो, पत्ता आणि दर्शकांचा आकडा तसाच राहतो. त्यासाठी तो तुकडा सुरुवातीपासूनच निवेदनाच्या दोन वाक्यांच्या मधे, मागे कसलंही संगीत न ठेवता बसवलेला असावा.