चौदा दिवसांची साखर एका आलेखात

दंडावरच्या सेन्सरचा एजीपी अहवाल चौदा दिवसांच्या नोंदी एकाच दिवसाच्या चौकटीत, तासांप्रमाणे एकावर एक मांडतो. आधी सेन्सर किती वेळ चालू होता ते बघा. ७० टक्क्यांहून कमी असेल तर निष्कर्ष काढू नका.

मधली ठळक रेघ म्हणजे त्या वेळच्या निम्म्या नोंदी वर, निम्म्या खाली. भोवतीच्या गडद पट्ट्यात मधल्या निम्म्या नोंदी असतात, तर फिक्या पट्ट्याच्या कडांशी कधीमधी येणारे चढउतार दिसतात.

एक काल्पनिक अहवाल घेऊ. वाचन खालून सुरू करायचं, कारण साखर उतरण्याचा धोका तातडीचा. पहाटे तीनला फिक्या पट्ट्याची खालची कड ६२ वर आहे, म्हणजे काही रात्री साखर ७० च्या खाली जाते. मात्र सेन्सरच्या कुशीवर झोपल्यानेही आकडा खोटा उतरतो. त्या वेळी बोटातून रक्त तपासून खात्री करावी.

मग वर बघा. सकाळी दहाला रेघ २१० वर आहे आणि पट्टा अरुंद, म्हणजे हे जवळपास रोजचंच. नाश्ता किंवा औषधाची वेळ तपासायला हवी. रात्री दहाला रेघ १६०, पण फिकी कड २९० पर्यंत जाते. हे काहीच दिवशी घडतं. खालचे रोजचे छोटे आलेख बघितले, तर ते शनिवार-रविवार निघतात.

औषधात बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच, आणि आधी पहाटेच्या उताराचा.