रात्री रडणारे बाळ : दृष्ट काढू नका, वजन पाहा



आपल्या वस्तीतल्या अनेक घरांत दिसणारे एक उदाहरण घेऊ. बाळ दीड महिन्याचे आहे. दिवसभर आईचे दूध नीट पिते आणि झोपते. पण रात्रीचे आठ वाजले की रडू लागते. तोंड लालबुंद होते, मुठी आवळल्या जातात, पाय पोटाशी येतात. अकरापर्यंत कशानेच शांत होत नाही. पाजल्यावर दोन-चार वेळा दुधाची गुळणीही टाकते. आजी म्हणते, नजर लागली, मीठ-मिरच्या ओवाळा. शेजारीण म्हणते, काळा दोरा बांधा.

यात नजरेचा काहीही संबंध नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गुळणी. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप तान्ह्या बाळात अजून सैल असते आणि बाळ दिवसभर आडवे असते. म्हणून दूध वर येते. बाळ खूश असेल आणि वजन वाढत असेल तर हा आजार नाही. बहुतेक बाळांचे हे वर्षाच्या आत थांबते.

दुसरी कोलिक, म्हणजे निरोगी बाळाचे ठरावीक वेळचे रडणे. ते दोन-तीन आठवड्यांपासून सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबते. त्याचे नेमके एकच कारण सापडलेले नाही. आईने वांगे खाल्ले किंवा तिचे दूध ‘बाधले’ म्हणून बाळ रडते असे समजून तिचे जेवण तोडू नका.

मग करायचे काय? पाजताना बाळाचे डोके पोटापेक्षा थोडे वर ठेवा. मध्ये एकदा आणि शेवटी एकदा खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवत ढेकर काढा. नंतर वीस-तीस मिनिटे उभे धरून ठेवा. रडण्याची वेळ झाली की दिवा मंद करा, बाळाला छातीशी धरून हळूहळू फिरा. हे काम एकट्या आईचे नाही. वडील, आजी आणि मावशीने पाळी वाटून घ्यावी. फारच संताप आला तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवून दहा मिनिटे बाजूला व्हा. बाळाला जोरात हलवू नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

झोपवताना नेहमी पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपवा. दूध घशात जाईल या भीतीने पालथे झोपवू नका आणि डोक्याखाली उशी देऊ नका. झोळीत हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडतो. म्हणून बाळ झोपले की त्याला बाहेर काढून सपाट ठेवा.

मध, गुटी, ग्राइप वॉटर, ओव्याचे पाणी यातले काहीही देऊ नका. सहा महिने फक्त आईचे दूध, साधे पाणीही नाही. मध तर वर्षभर नको. मेडिकलमधून पोटदुखीचे थेंब मनाने आणू नका. काही थेंबांत डायसायक्लोमिन नावाचे औषध असते. सहा महिन्यांखालील बाळाचा श्वास त्याने थांबू शकतो.

आता आपल्या उदाहरणातले बाळ ठीक आहे हे कसे ओळखायचे? जन्माचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते. दीड महिन्याच्या लसीला नेल्यावर नर्सताईंनी कार्डावर ३ किलो ८०० ग्रॅम लिहिले. चोवीस तासांत सहा-सात वेळा लघवी होते. ताप नाही. म्हणजे बाळ चांगले वाढते आहे. घरच्यांनी धीर धरायचा. आशाताई घरी येतील तेव्हा वजन करून घ्यायचे.

पण पुढीलपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखान्यात न्या. उलटी हिरवी किंवा रक्ताची होणे. प्रत्येक वेळी पाजल्यावर दूध जोराने लांब फेकले जाणे. पोट फुगून कडक होणे किंवा शौचात रक्त दिसणे. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश किंवा जास्त ताप येणे. बाळाने पिणे सोडणे, लघवी खूप कमी होणे, श्वास धापा टाकल्यासारखा होणे किंवा बाळ मलूल पडणे. टाळू फुगणे, जांघेत गाठ येणे किंवा नेहमीपेक्षा वेगळे, किंचाळल्यासारखे न थांबणारे रडणे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

वजन वाढत नसेल, पिताना बाळ पाठ ताणून रडत असेल किंवा चार महिन्यांनंतरही रडणे सुरूच असेल, तर दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. जाताना लसीचे कार्ड न्या आणि रडणे कधी सुरू होते, किती वेळ चालते हे कागदावर लिहून न्या. दृष्ट काढण्यात घालवलेला एक तास हिरव्या उलटीच्या बाळाला महागात पडतो, कारण तेव्हा आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि लवकर शस्त्रक्रिया झाली तरच आतडे वाचते.