पाळी आली नाही, म्हणून निर्धास्त?

“अंगावर पाजतेयस ना? मग एवढ्यात दिवस राहायचे नाहीत.” माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीला हे कुणीतरी सांगतंच. यात तथ्य आहे, पण अर्धंच.

बाळ स्तन चोखतं तेव्हा तिथल्या नसांमधून मेंदूपर्यंत संदेश जातो. बीजकोशाला कामाला लावणाऱ्या संप्रेरकांचे ठोके त्यामुळे मंदावतात. बीज पक्व होत नाही, म्हणून पाळीही येत नाही. म्हणजे बीज थोपवतं ते बाळाचं चोखणं. ते कमी झालं की हा लगाम सैल होतो.

पहिली पाळी येईपर्यंत धोका नाही, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. बीज आधी सुटतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. समजा, एकीची प्रसूती 1 जानेवारीला झाली. एप्रिलमध्ये ती कामावर रुजू झाली. दिवसभर बाळाला आजी बाटलीनं वरचं दूध देते, अंगावरचं फक्त सकाळी आणि रात्री. एप्रिलच्या शेवटी बीज सुटलं. गर्भ राहिला नसता तर मेच्या मध्यात पाळी आली असती. राहिला, म्हणून आली नाही. ‘अजून पाजतेय, म्हणून येत नसेल’ असं ती जूनपर्यंत समजत राहते. मळमळ सुरू झाल्यावर शंका येते.

मग भरवसा कधी ठेवायचा? 1988 साली इटलीतल्या बेलाजिओ इथं तज्ज्ञांनी तीन अटी ठरवल्या: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परतलेली नको, आणि बाळ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंगावरच्या दुधावर हवं. तिन्ही एकाच वेळी पाळल्या तर संरक्षण 98 टक्क्यांहून अधिक. दोन पाजण्यांमध्ये दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर नको. बाळ रात्रभर झोपू लागलं की घरात आनंद होतो, पण हा हिशेब तिथंच बिघडतो. उष्टावणानंतर तर या पद्धतीवर विसंबूच नये.

वरच्या दुधावरच्या बाळाच्या आईला एवढीही सवलत नाही. तिची पाळी बहुधा सहा ते आठ आठवड्यांत येते आणि बीज त्याआधीच, कधी चौथ्या आठवड्यातही सुटू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावरून जातं ती मात्र पाळी नव्हे.

पाळी आली की दूध नासतं, असंही म्हणतात. नासत नाही. काही जणींना त्या दिवसांत थोडं कमी वाटतं, पण पाजणं थांबवायचं कारण नाही.

तीनपैकी एक अट मोडली की त्याच दिवसापासून दुसरं साधन हवं. निरोध, तांबी किंवा सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी ‘छाया’ गोळी पाजणाऱ्या आईला चालते. नेहमीची मिश्र संप्रेरकांची गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेऊ नका.