विश्लेषण : एक घाट बंद पडला तर गाव तुटते का? ग्राफ थिअरीतले पाथ, सायकल आणि ट्री

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला आणि वाहतूक बंद पडली. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो दुसऱ्या वाटेचा. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सच्या विद्यार्थ्यांना पाथ, सायकल आणि ट्री या तीन संकल्पना शिकाव्या लागतात, त्या नेमके याच प्रश्नाचे उत्तर देतात. सातारा, रायगड आणि पुणे जिल्ह्यांतल्या आठ ठिकाणांच्या आधारे त्या समजून घेऊ.

नकाशाचा ग्राफ कसा होतो?

ग्राफमध्ये दोनच गोष्टी असतात, बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. पुस्तकात त्यांना व्हर्टेक्स आणि एज म्हणतात. इथे गाव म्हणजे बिंदू आणि दोन गावांमधला थेट रस्ता म्हणजे रेषा. रस्ता वळणाचा आहे की सरळ, कागदावर गाव वर आहे की खाली, याला महत्त्व नाही. कोण कोणाला जोडलेले आहे, एवढेच पाहायचे.

आपले आठ बिंदू असे : सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मेढा, पोलादपूर, महाड आणि भोर. त्यांच्यामधले नऊ रस्ते असे :

- सातारा–वाई
- वाई–पाचगणी (पसरणी घाट)
- पाचगणी–महाबळेश्वर
- महाबळेश्वर–मेढा (केळघर घाट)
- मेढा–सातारा
- महाबळेश्वर–पोलादपूर (आंबेनळी घाट)
- पोलादपूर–महाड
- महाड–भोर (वरंध घाट)
- भोर–वाई (मांढरदेवी मार्गे)

लहान रस्ते आणि या परिसराबाहेर जाणारे महामार्ग मुद्दाम सोडले आहेत. पुढे काढलेले प्रत्येक उत्तर याच नऊ रस्त्यांपुरते खरे आहे. हा यादी कागदावर काढून समोर ठेवली, तर पुढचे वाचन सोपे जाईल.

प्रत्येक प्रवास म्हणजे पाथ का नाही?

समजा, एखादी गाडी साताऱ्याहून वाईला गेली, काही विसरले म्हणून परत साताऱ्याला आली आणि मग मेढ्याला गेली. हा प्रवास खरा आहे, पण तो पाथ नाही, कारण सातारा दोनदा आला. रेषेमागून रेषा धरून केलेल्या कोणत्याही प्रवासाला वॉक म्हणतात. ज्या वॉकमध्ये एकही बिंदू पुन्हा येत नाही, तो पाथ. मधला फेरा गाळला की सातारा–मेढा एवढा पाथ उरतो. हे नेहमीच जमते. दोन गावांमध्ये कसाही वॉक असला, तरी त्यातले फेरे गाळून पाथ मिळतोच. म्हणून ‘अमुक गावाहून तमुक गावी जाता येते का’ याचे उत्तर देताना फक्त पाथ तपासले तरी पुरते.

सायकल कशाला म्हणायचे?

निघालेल्या बिंदूवर परत येणारी, पण मधला कोणताही बिंदू किंवा रेषा पुन्हा न वापरणारी फेरी म्हणजे सायकल. सातारा–वाई–पाचगणी–महाबळेश्वर–मेढा–सातारा ही पाच रस्त्यांची सायकल आहे.

इथे विद्यार्थ्यांची एक चूक वारंवार होते. वाईहून पाचगणीला जाऊन त्याच पसरणी घाटाने परतणे याला ते सायकल म्हणतात. निघालो तिथेच पोहोचलो हे खरे, पण एकच रेषा दोनदा वापरली. घाट बंद झाला तर अशा फेरीतून पर्याय मिळत नाही, आणि सायकलचे सारे मोल पर्यायातच आहे. सायकलवरचा कोणताही एक रस्ता तुटला, तरी त्याची दोन टोके उरलेल्या बाजूने जोडलेली राहतात. पसरणी घाट बंद असेल, तर वाईचा माणूस सातारा, मेढा, महाबळेश्वर असा फिरून पाचगणीला पोहोचतो.

मग कोणता रस्ता तुटला की गाव तुटते?

जो रस्ता एकाही सायकलवर नाही, तो. अशा रेषेला ग्राफ थिअरीत ब्रिज म्हणतात. नदीवरच्या पुलाशी याचा संबंध नाही. जी रेषा काढली की ग्राफचे दोन तुकडे होतात, ती ब्रिज.

वरंध घाटाचा रस्ता पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवला जातो. तो खोडून पाहिले तर पोलादपूर आणि महाड ही दोन गावे या नकाशात केवळ आंबेनळी घाटाने लटकलेली दिसतात. त्या घाटातून जाणारी एकही सायकल उरत नाही, म्हणजे आंबेनळी ब्रिज झाला. वरंध पुन्हा सुरू झाला, की महाबळेश्वर–पोलादपूर–महाड–भोर–वाई–पाचगणी–महाबळेश्वर ही सहा रस्त्यांची सायकल तयार होते आणि आंबेनळी ब्रिज राहत नाही. आंबेनळीत काहीच बदललेले नसते, बदल कित्येक किलोमीटर दूरच्या घाटात झालेला असतो. एखादी रेषा ब्रिज आहे का, हे तिच्याकडे एकटीकडे पाहून कधीच सांगता येत नाही, ते यामुळेच.

ट्री म्हणजे काय आणि तो कसा सापडतो?

सगळे बिंदू जोडलेले आहेत, पण सायकल एकही नाही, अशा ग्राफला ट्री म्हणतात. पूर्ण नकाशातून ट्री काढण्याची हातानेही करता येणारी रीत अशी : एका गावावर खूण करा. त्याच्याशी जोडलेल्या, खूण नसलेल्या गावांवर खूण करत त्या रेषा ठेवा. मग त्या गावांकडून पुढे जा. ज्या रेषेच्या दुसऱ्या टोकावर आधीच खूण झालेली आहे, ती रेषा बाजूला काढा. आपण ज्या रेषेने आलो, ती मात्र यातून वगळायची.

महाबळेश्वरपासून सुरुवात करू. पहिल्या फेरीत पाचगणी, मेढा आणि पोलादपूर मिळतात. पाचगणीहून वाई, मेढ्याहून सातारा आणि पोलादपूरहून महाड मिळते. वाईहून भोर नवे आहे, पण साताऱ्यावर आधीच खूण आहे, म्हणून सातारा–वाई बाजूला. महाडहून भोर पाहावे तर त्यावरही खूण झालेली, म्हणून महाड–भोर बाजूला. हाती उरल्या सात रेषा.

हा सात आकडा योगायोग नाही. पहिल्या गावानंतर प्रत्येक नवे गाव नेमकी एक रेषा घेऊन येते. म्हणून आठ बिंदूंच्या कोणत्याही ट्रीमध्ये सातच रेषा असतात. बाजूला काढलेली प्रत्येक रेषा परत ठेवली, की एकेक सायकल उभी राहते. सातारा–वाई ठेवली की साताऱ्याची पाच रस्त्यांची, महाड–भोर ठेवली की कोकणातून फिरणारी सहा रस्त्यांची. दोन्ही ठेवल्या तर आणखी एक, सातारा–वाई–भोर–महाड–पोलादपूर–महाबळेश्वर–मेढा–सातारा अशी मोठी सायकलही मिळते. ती मात्र आधीच्या दोन सायकली एकत्र करून, सामाईक रस्ते गाळले की आपोआप तयार होते.

ट्रीमध्ये कोणत्याही दोन गावांमध्ये एकच पाथ असतो. वरच्या ट्रीत साताऱ्याहून वाईला जायचे, तर मेढा, महाबळेश्वर, पाचगणी असा फेरा घ्यावाच लागतो. शिवाय ट्रीतली प्रत्येक रेषा ब्रिज असते. सर्वांना जोडण्यासाठी लागणारे कमीत कमी रस्ते ट्री दाखवतो, पण त्यातला एक जरी तुटला तरी जाळे फुटते.

रेषा सात मोजल्या, म्हणजे ट्री झाला का?

नाही. परीक्षेत गुण इथेच जातात. नऊपैकी आंबेनळी आणि पोलादपूर–महाड हे दोन रस्ते काढले, तर आठ बिंदू आणि सात रेषा उरतात. पण पोलादपूर एकटे पडते आणि साताऱ्याची सायकल जशीच्या तशी राहते. आकडा बरोबर, ट्री मात्र नाही. मोजणीबरोबर ग्राफ जोडलेला आहे का, किंवा सायकल नाही ना, यांपैकी एक गोष्ट तपासावीच लागते. एक तपासली की दुसरी आपोआप सिद्ध होते.

दोन रस्ते एकाच वेळी बंद पडले तर?

नकाशाकडे नीट पाहिले तर वाई आणि महाबळेश्वर यांच्यामध्ये तीन वेगळ्या माळा दिसतात. पाचगणीमार्गे दोन रस्ते, सातारा–मेढामार्गे तीन, आणि भोर–महाड–पोलादपूरमार्गे चार. नऊ रस्त्यांतून दोन निवडण्याचे ३६ प्रकार आहेत. बंद पडलेले दोन रस्ते वेगवेगळ्या माळांतले असतील, तर जाळे टिकते आणि उरलेल्या सात रेषांचा ट्री बनतो. असे प्रकार २×३ + ३×४ + २×४, म्हणजे २६. दोन्ही रस्ते एकाच माळेतले असतील, तर मधले गाव किंवा गावे तुटतात. असे प्रकार उरलेले १०.

पसरणी आणि केळघर हे दोन्ही घाट बंद पडले, तरी महाबळेश्वर आंबेनळीमार्गे जोडलेले राहते. आंबेनळी आणि वरंध एकदम बंद पडले, तर महाड आणि पोलादपूर या नकाशातून तुटतात. प्रत्यक्षात त्यांना मुंबई–गोवा महामार्गाचा आधार आहे, पण तो आपण काढलेल्या ग्राफमध्ये नाही. आणि पसरणी, केळघर, आंबेनळी हे तिन्ही बंद पडले, तर मोजणीच उत्तर देते : सहा रेषा आठ बिंदूंना जोडूच शकत नाहीत. त्या दिवशी महाबळेश्वर आणि पाचगणी एकमेकांना धरून उरतील, बाकी सगळ्यांपासून तुटून.

३६ पैकी २६ हा आकडा शक्यता म्हणून वाचणे मात्र चूक ठरेल. प्रत्येक जोडी सारख्याच वेळा बंद पडते, असे त्यात गृहीत धरावे लागेल. पाऊस तसा पडत नाही. तो सह्याद्रीच्या माथ्यावर एकाच रात्री दोन-तीन घाटांवर कोसळतो, आणि सातारा–वाईसारख्या सपाटीवरच्या रस्त्याला दरडीचे भय नसते. शिवाय जोडलेले असणे म्हणजे जवळ असणे नव्हे. आंबेनळीने महाबळेश्वर–पोलादपूर अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. त्याऐवजी भोरमार्गे जायचे, तर पसरणी उतरून, मांढरदेवीचा डोंगर ओलांडून, पुन्हा वरंध उतरावा लागतो. ग्राफ दोन्ही पाथना सारखेच ‘आहे’ म्हणतो. अंतराचा हिशेब करायचा, तर प्रत्येक रेषेवर किलोमीटरचा आकडा लिहावा लागतो, आणि तिथून कमीत कमी अंतराच्या पाथचा पुढचा धडा सुरू होतो.