लेहच्या हवेतला ऑक्सिजन जातो कुठे?

मुंबईहून दिल्लीमार्गे सकाळच्या विमानाने लेहला उतरलेला पन्नाशीचा पर्यटक हॉटेलात पोचतो, बॅगा ठेवतो आणि करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून पाहतो. घरी ९८ दाखवणारं यंत्र इथे ८५ दाखवतं. तो बोट बदलतो, सेल बदलतो, बायकोच्या बोटाला लावतो. तिचाही आकडा ८६. यंत्र बिघडलेलं नसतं. चहा घेऊन आलेला हॉटेलातला मुलगा सहज सांगून जातो, "इथे हवेत ऑक्सिजन कमी आहे, आज झोपून राहा."

सल्ला अगदी बरोबर आहे, पण कारण अर्धंच खरं आहे. मुंबईच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण साधारण २१ टक्के असतं. लेहच्या हवेतही ते २१ टक्केच असतं आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढंच. कमी होतो तो ऑक्सिजनचा दाब. आणि फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलला जातो तो टक्केवारीने नव्हे, दाबाने.

समुद्रसपाटीला हवेचा एकूण दाब पाऱ्याच्या ७६० मिलीमीटर उंच स्तंभाएवढा असतो. हवेत मिसळलेला प्रत्येक वायू या दाबात आपापला वाटा उचलतो. दुसरे वायू तिथे आहेत की नाहीत, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सांगितलेला नियम तो हाच. त्या वाट्याला आंशिक दाब म्हणतात. ७६० चे २१ टक्के केले की ऑक्सिजनचा आंशिक दाब निघतो १५९ मिलीमीटर. मुंबईत नाकासमोरच्या हवेचा आकडा हा.

पण ही हवा वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या त्या अतिसूक्ष्म फुग्यांपर्यंत, जशीच्या तशी पोचत नाही. वाटेत तिला दोनदा कात्री लागते.

पहिली कात्री पाण्याची. नाक आणि श्वासनलिका ओलसर असतात. तिथून जाताना हवा शरीराइतकी, म्हणजे ३७ अंशांपर्यंत तापते आणि बाष्पाने पूर्ण भरते. या तापमानाला बाष्पाचा दाब ४७ मिलीमीटर असतो. तो फक्त तापमानावर ठरतो, बाहेर हवा दाट आहे की विरळ याच्यावर नाही. खंडाने घेतलेल्या शेताचा खंड पीक कमी आलं म्हणून कमी होत नाही, तसंच हे. ७६० मधून ४७ वजा केले की उरतात ७१३, आणि त्याचे २१ टक्के म्हणजे साधारण १४९. ऑक्सिजनचा १५९ चा आकडा श्वासनलिकेतच १४९ झाला.

दुसरी कात्री मोठी आहे. वायुकोश ही काही दर श्वासाला रिकामी होऊन पुन्हा भरणारी पिशवी नव्हे. शांतपणे श्वास सोडल्यावरही प्रौढ माणसाच्या फुप्फुसात दोन लिटरच्या वर हवा शिल्लक असते. नवा श्वास म्हणजे त्या भरलेल्या हौदात ओतलेला एक तांब्या. हौदातून रक्त सतत ऑक्सिजन उचलत असतं, मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर, आणि बदल्यात सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड टाकत असतं. म्हणजे पाच घेतले तर चार परत दिले. म्हणून वायुकोशात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४ असेल तर तिथला ऑक्सिजन ५ ने उतरलेला असतो, असा हिशेब ढोबळमानाने धरता येतो. निरोगी माणसाच्या वायुकोशात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० च्या आसपास असतो. त्याच्या बदल्यात ऑक्सिजनचे ५० गेले. १४९ उणे ५० म्हणजे ९९. पुस्तकात १०० किंवा १०४ हे आकडे दिसतात, ते याच जागेचे.

आता उच्छ्वास. वायुकोशातून ऑक्सिजन काढून घेतल्यावर जी हवा बाहेर पडते, तिच्यात ऑक्सिजन वायुकोशातल्या हवेइतकाच असायला हवा, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बाहेर पडणारी सगळी हवा पिशवीत गोळा करून मोजली, तर ऑक्सिजनचा दाब भरतो ११५ च्या घरात. वायुकोशातल्या आकड्यापेक्षा जास्त! पहिल्यांदा शिकणारे विद्यार्थी इथे हमखास अडखळतात.

उत्तर सोपं आहे. शांत श्वासात आपण सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यातली साधारण १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या फांद्यांमध्येच थांबते. तिथे रक्ताशी देवाणघेवाण होत नाही. श्वास सोडताना हीच न वापरलेली हवा आधी बाहेर येते आणि तिच्यामागून वायुकोशातली ३५० मिलिलिटर. १४९ दाबाची १५० मिलिलिटर आणि ९९ दाबाची ३५० मिलिलिटर एकत्र केली की सरासरी निघते ११४. कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. वायुकोशातला ४० त्या ताज्या हवेत मिसळून २८ होतो. बुडालेल्या माणसाला तोंडाने श्वास देता येतो तो याचमुळे. फुंकणाऱ्याच्या श्वासात अजून सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो.

मग वायुकोशातली हवा मोजायची कशी? स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रिस्टली यांनी १९०५ मध्ये यासाठी सुमारे चार फुटांची रबरी नळी वापरली. माणसाने नळीत जोरात, पूर्ण श्वास सोडायचा आणि शेवटी जिभेने तिचं तोंड बंद करायचं. अगदी शेवटी बाहेर पडलेली हवा ती वायुकोशातली. तिचा नमुना तोंडाजवळून काढून घ्यायचा. या साध्या युक्तीतून त्यांना एक महत्त्वाची गोष्ट कळली. बेन नेव्हिस पर्वताच्या माथ्यावर आणि कॉर्नवॉलच्या खोल खाणीत वायुकोशातल्या कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी वेगवेगळी भरली, दाब मात्र जवळपास तोच राहिला. शरीर श्वासाचा वेग सांभाळतं ते मुख्यतः हा दाब जागेवर ठेवण्यासाठी. (पुढे भारताचे नागरिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन हे यांचेच चिरंजीव.) आज शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी कॅप्नोग्राफ नावाचं यंत्र उच्छ्वासाच्या शेवटच्या भागातला कार्बन डायऑक्साइड मोजतं. त्यामागची कल्पना तीच आहे.

आता लेहचा हिशेब मांडता येईल. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब साधारण ४९५ मिलीमीटर असतो. बाष्पाचे ४७ तिथेही जातातच. उरलेल्या ४४८ चे २१ टक्के म्हणजे ९४. मुंबईला श्वासनलिकेत १४९ होते, इथे ९४. आपला पर्यटक मुंबईतल्याच गतीने श्वास घेत राहिला, तर कार्बन डायऑक्साइड ४० आणि त्यापायी ऑक्सिजनची घट ५०. वायुकोशात उरले ४४.

शरीर हे होऊ देत नाही. मानेतल्या धमन्यांपाशी ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी आहेत. त्या इशारा देतात आणि माणूस नकळत जास्त श्वास घेऊ लागतो. त्याने कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, आणि तो जितका उतरेल तितकी ऑक्सिजनला जागा मिळते. पहिल्या दिवशी तो ३६ पर्यंत आला तर ऑक्सिजन ४९ होतो. दोन-तीन दिवसांनी ३० पर्यंत उतरला तर ५६-५७. ऑक्सिमीटरवर हाच फरक ८५ वरून ९० च्या जवळ जाण्याइतका दिसू शकतो. पहिल्याच दिवशी एवढा फरक का पडत नाही? कार्बन डायऑक्साइड घटला की रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला ब्रेक लावतो. मूत्रपिंडं जादा बायकार्बोनेट बाहेर टाकून तो ब्रेक सैल करतात, पण त्यांना काही दिवस लागतात. विश्रांतीचे ते पहिले अठ्ठेचाळीस तास मूत्रपिंडांसाठीच असतात. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध हेच काम थोडं लवकर करून घेतं, म्हणून काहींना डॉक्टर ते जाण्याआधी सुरू करायला सांगतात.

या वजाबाकीचं टोक एव्हरेस्टवर दिसतं. १९८१ मध्ये अमेरिकी वैद्यकीय मोहिमेतले डॉक्टर ख्रिस पिझो यांनी माथ्यावर हवेचा दाब मोजला. तो भरला २५३ मिलीमीटर. त्यातून ४७ वजा करून २१ टक्के काढले तर श्वासातला ऑक्सिजन फक्त ४३ येतो. कार्बन डायऑक्साइड ४० वरच राहिला असता, तर वायुकोशात ऑक्सिजन शून्याच्या खाली गेला असता, म्हणजे तिथे जगणंच अशक्य. पिझोंनी तिथेच स्वतःच्या श्वासाच्या शेवटच्या हवेचे नमुने डब्यांत भरून आणले. त्यांत कार्बन डायऑक्साइड होता सात-आठ मिलीमीटर आणि ऑक्सिजन ३५ च्या आसपास.

लेहच्या हॉटेलातली पहिली रात्र कठीण जाते ती याच हिशेबाने. झोपेत श्वास मंदावतो. झोप येत नाही म्हणून कुणी झोपेची गोळी घेतली किंवा दोन पेग मारले, तर तो आणखी मंदावू शकतो. कार्बन डायऑक्साइड पुन्हा ४० वर गेला की वायुकोशातला ऑक्सिजन ४४ वर घसरतो. शिवाय या पातळीवर रक्ताची ऑक्सिजन धरण्याची रेषा तीव्र उताराची असते. समुद्रसपाटीला १०० चे ९० झाले तरी ऑक्सिमीटर जेमतेम हलतो. इथे मात्र तेवढ्याच घटीने आकडा ८० च्या खाली जाऊ शकतो.

नाकात नळी लावून मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन दिला, तर श्वासातलं प्रमाण ढोबळमानाने २८ टक्के होतं. ४४८ चे २८ टक्के म्हणजे १२५. त्यातून ३७ वजा केले की उरतात ८८. पुण्याच्या उंचीवर वायुकोशात जवळपास एवढाच ऑक्सिजन असतो. म्हणजे एका छोट्या सिलिंडरने माणूस वायूंच्या हिशेबात लेहहून पुण्याला येतो, निदान सिलिंडर संपेपर्यंत.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण न जाणं ही लक्षणं असतील तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, चालताना तोल जाणं किंवा बोलण्यात असंबद्धपणा दिसला, तर ऑक्सिमीटरचा आकडा वाचत थांबायचं नाही. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याच्या त्या खुणा असतात. अशा वेळी रुग्णालय, ऑक्सिजन आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरणं, हाच मार्ग आहे.